गल्ल्यावरच्या पाट्या

चि. भाचीस,

परवा पोलादपुरात तुझ्या दुकानात तासभर बसलो, तेव्हा गिऱ्हाइकांपेक्षा तुझ्या पाट्याच जास्त वाचल्या. ‘सुट्टे पैसे द्या.’ ‘उधारी बंद आहे.’ ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पोरी, दुकानात पाऊल टाकणारा अजून काही बोललेलाही नसतो, आणि तू त्याला तीनदा दटावतेस.

आधी सुट्ट्यांचं बघू. तुझी पाटी तुझ्या पाठीमागे, कॅलेंडरच्या वर आहे. माणूस ती वाचतो तेव्हा पाचशेची नोट त्याने काढलेली असते. मग तू चिडतेस, तो ओशाळतो. सकाळी कोण येतं ते आठव. महाबळेश्वरची एसटी धरायच्या घाईतला माणूस येतो. त्याला तुझ्या गल्ल्याची काळजी नाही, गाडीची आहे. म्हणून असं लिही: ‘सकाळी गल्ला रिकामा असतो. दहा-वीसच्या नोटा दिल्यात तर तुमची एसटी चुकणार नाही.’ यात कारण आहे आणि त्याचा फायदाही आहे. पाटी बाहेरच्या खांबावर लाव, म्हणजे पायरी चढता चढता हात खिशातल्या सुट्ट्यांकडे जाईल. ओळ जमली की नाही हे हसण्यावरून ठरवू नकोस. आठ दिवस वहीच्या कोपऱ्यात एकेक रेघ मार, ‘सुट्टे आहेत का?’ असं तोंडाने किती वेळा विचारावं लागलं त्याची. लोक हसले आणि रेघा तेवढ्याच राहिल्या, तर ओळ बदल.

उधारीची पाटी मात्र काढूनच टाक. ती खोटी आहे. मी बसलो होतो तेव्हाच तू वाडीवरच्या एका बाईंचं नाव वहीत लिहून घेतलंस, आणि शेजारी उभा असलेला माणूस एकदा पाटीकडे, एकदा वहीकडे बघत होता. महाडच्या आमच्या दुकानातही अशीच पाटी होती. एकदा डोंगरातल्या वाडीतला एक म्हातारा तांदळाची पिशवी हातात घेऊन ती वाचत राहिला, पिशवी खाली ठेवली आणि गेला. मजुरी शनिवारी मिळणार, एवढंच त्याला सांगायचं असावं. तो पुन्हा आला नाही. ते आजही मला सलतं. कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला नाही हे हळू आवाजात, समोरच्याकडे बघून सांगायचं असतं. त्याला पाटी लागत नाही.

तिसरी पाटी तर कायद्यातही बसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. गिऱ्हाइकाला नुसता आवडला नाही म्हणून माल परत घ्यायची सक्ती मात्र त्यात नाही. तेव्हा असं लिही: ‘माल खराब निघाला तर बिल घेऊन या, बदलून देऊ.’ एवढंच पुरे. यात गंमत घालू नकोस. पैशाच्या हमीत माणसाला शब्द सरळ हवा असतो.

तू म्हणालीस, पुणेरी पाट्या किती छान असतात. असतात खऱ्या, त्यांचे फोटो काढून लोक हसतात. पण तो चिमटा वाचणाऱ्यालाच बसतो. आंबेनळी घाट उतरून आलेल्या, मळमळणारं पोर कडेवर घेतलेल्या बाईला तो कशाला?

हसू यायला विनोदच लागतो असं नाही. २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारात शिरलं आणि आमचं दुकान भरलं. चिखल उपसताना मी फळीवर खडूने लिहिलं होतं: ‘माल गेला, माणसं सुखरूप. सोमवारपासून मीठ, मेणबत्ती, काडेपेटी मिळेल.’ गुडघाभर चिखलातून जाणारे लोक थांबून वाचायचे आणि हसायचे. आपण बरे आहोत आणि सोमवारी मीठ मिळेल, एवढंच त्यात होतं.

रॉकेलच्या डब्याजवळची ‘येथे काडी ओढू नका’ मात्र जशी आहे तशीच ठेव. जिथे जाळ होऊ शकतो तिथे हुकूमच हवा.

पाटी कागदावर स्केचपेनने लिहू नकोस, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत आठवड्यात कागद मुडपतो आणि शाई फुटते. पत्र्यावर ऑइलपेंटने लिही. तीन मीटरवरून वाचायची असेल तर अक्षर अडीच सेंटिमीटर उंच हवं. दोन ओळींपेक्षा जास्त मावणार नाही, आणि तेच बरं.

गणपतीला येईन तेव्हा पत्रा आणि ब्रश घेऊन येतो. खांबावरची ओळ तोवर खडूने लिहून बघ आणि रेघांची वही जपून ठेव.

तुझा,
मामा