ठरल्या वेळेला उठणारं डोकं

क्लस्टर हेडेक हजारातल्या जेमतेम एखाद्याला होतो, त्यामुळे बऱ्याच जणांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. मला तो आहे. वर्षातले काही आठवडे तो रोज येतो आणि मग एके दिवशी येईनासा होतो. मधले महिने मी ठणठणीत असतो. या आजारात अडकलेल्या माणसाला दोन गोष्टी लवकर कळल्या, तर त्याची वर्षं वाचतील असं मला मनापासून वाटतं. एक त्याची वेळ आणि दुसरी ऑक्सिजन. म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. कुठे दुखतं एवढंच नाही, दुखताना माणूस काय करतो तेही पाहा.

अर्धशिशीचा रुग्ण अंधार करून निपचित पडून राहतो. क्लस्टरच्या रुग्णाला पडवतच नाही. तो उठतो, खोलीत फेऱ्या घालतो, खुर्चीत बसून पुढेमागे डोलतो, डोकं दाबून धरतो. दुखणं कायम एकाच बाजूला असतं, डोळ्याच्या आत आणि मागे. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, त्यातून पाणी वाहतं, पापणी जड होऊन खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. हे पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालतं आणि मग ओसरतं. काहींना हा झटका दिवसाआड येतो, काहींना एका दिवसात आठ वेळाही.

नाक चोंदलेलं आणि गालावर ठणका म्हटलं की लोक सायनस ठरवून मोकळे होतात. मीही अँटिबायोटिकचे कोर्स घेतले, एका दवाखान्यात दाढ काढायचाही सल्ला मिळाला. पण सायनसचं दुखणं मध्यरात्री दोनला उठून साडेतीनला पूर्ण थांबत नाही, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा दोनलाच परत येत नाही.

२. वही ठेवा आणि त्यात झोप लागल्याची वेळ लिहा.

डॉक्टर सहसा विचारतात, किती वेळा दुखतं आणि किती दुखतं. मी त्यात एक रकाना वाढवला, झोप कधी लागली याचा. पानं भरत गेली तसं चित्र उघड झालं. झोप लागल्यानंतर साधारण दीड तासाने झटका. उशिरा झोपलो तर तोही उशिरा. रविवारी जेवून डुलकी काढली तर दुपारीही हजर. सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, बाजू, काय घेतलं आणि झोप, एवढे पाच रकाने पुरतात. न्यूरोलॉजिस्टने वही चाळून निदानाची दिशा लगेच पकडली. त्यांनी मेंदूचा एमआरआय एकदा करून घेतला, कारण पियुषिका ग्रंथीजवळची गाठ क्वचित अशीच लक्षणं दाखवते. तो प्रत्येकाने करून घ्यावा.

३. घड्याळ मेंदूच्या आत आहे.

याच वेळी का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळायचा. उशी बदलून पाहिली, रात्रीचं जेवण बदलून पाहिलं. उत्तर बाहेर नव्हतंच. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. डोळ्यांच्या पडद्यावर पडणाऱ्या उजेडाची खबर त्यातल्या एका पेशीपुंजाला थेट मिळते, आणि त्यावरून तो शरीराचा चोवीस तासांचा क्रम लावतो. झोप कधी यावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, मेलाटोनिन कधी स्रवावं, पहाटे कॉर्टिसॉल कधी वाढावं, हे सगळं तिथून ठरतं. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी क्लस्टरच्या रुग्णांमध्ये झटका मुद्दाम आणून त्याच वेळी मेंदूचं पेट स्कॅन केलं. दुखणाऱ्या बाजूच्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग त्यात जागा झालेला दिसला. घड्याळ आणि दुखणं शेजारी शेजारी आहेत हे तेव्हापासून पक्कं झालं.

२०२३ मध्ये या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले गेले. सुमारे ७१ टक्के रुग्णांचे झटके दिवसाच्या ठराविक वेळेशी बांधलेले निघाले, आणि सगळ्यांत दाटी होती रात्री नऊ ते पहाटे तीन या पट्ट्यात. वर्षाचाही क्रम असतो. ऋतू पालटताना, म्हणजे वसंतात आणि शरदात, अनेकांचा त्रास सुरू होतो. माझा होळीच्या सुमारास. घरात आम्ही त्याला ‘सीझन’ म्हणतो. क्लस्टरच्या रुग्णांत मेलाटोनिन कमी आणि कॉर्टिसॉल जास्त आढळतं, आणि शरीराच्या घड्याळाशी निगडित काही जनुकांशीही आजाराचं नातं दिसतं. पण घड्याळाचा काटा त्या जागी आल्यावर ठिणगी नेमकी कशी पडते, हे कोडं संशोधकांना अजून पूर्ण सुटलेलं नाही.

ठिणगी पडल्यानंतरचा मार्ग मात्र कळलेला आहे. चेहऱ्याची संवेदना वाहणारी मोठी नस, ट्रायजेमिनल, भडकते. तिचा निरोप मेंदूच्या देठात पोचतो आणि तिथून दुसऱ्या नसेवाटे परत चेहऱ्याकडे येतो. ही दुसरी नस डोळ्याचं पाणी आणि नाकाचा ओलावा सांभाळते. म्हणून डोळा गळतो, नाक भरतं. डोळा आणि नाक बिघडलेलंच नसतं.

हे कळल्यावर मी जेवणखाण आणि उशा यांच्यामागे लागणं सोडलं. सीझनमध्ये दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळतो. दुपारी झोपत नाही आणि दारूला हात लावत नाही. सीझन चालू असताना एक पेगही तासाभरात झटका आणू शकतो; सीझन नसताना तोच पेग काही करत नाही. नायट्रोग्लिसरीनच्या गोळीनेही असंच होतं, म्हणून छातीसाठी ती घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आजार सांगून ठेवावा.

४. ऑक्सिजन हा खराखुरा उपचार आहे, दिलासा नाही.

घरच्यांना आधी वाटलं, श्वास नीट चालू आहे, मग ऑक्सिजन कशाला. पण अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी १९५० च्या दशकातच या दुखण्यावर तो वापरला होता. ठोस पुरावा आला २००९ मध्ये. लंडनमधल्या चाचणीत रुग्णांना दोन प्रकारचे सिलिंडर दिले, एकात शुद्ध ऑक्सिजन आणि दुसऱ्यात साधी हवा. कशात काय, हे रुग्णाला माहीत नव्हतं. मिनिटाला १२ लिटर या वेगाने पंधरा मिनिटं घेतल्यावर ऑक्सिजनच्या ७८ टक्के झटक्यांत दुखणं थांबलं किंवा पुरेसं कमी झालं. हवेच्या सिलिंडरला हे जमलं फक्त २० टक्के झटक्यांत.

तो काम कसा करतो, याचं जुनं उत्तर होतं की फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. ट्रायजेमिनल नसेला थेट डिवचलं तर ऑक्सिजनने फरक पडला नाही. मात्र परतीच्या वाटेचं, म्हणजे डोळा-नाक सांभाळणाऱ्या नसेचं केंद्र डिवचलं तर ऑक्सिजनने ती वाट शांत केली. माझा अनुभव याच्याशी जुळतो. मास्क लावला की आधी डोळ्याचं पाणी कमी होतं, ठणका त्यानंतर उतरतो. ऑक्सिजन झटका मोडतो, सीझन मोडत नाही. सीझन आवरायला व्हेरापामिल आणि सुरुवातीचे थोडे दिवस स्टिरॉइड, हे न्यूरोलॉजिस्टच्या हातात ठेवा. व्हेरापामिलचा डोस वाढवताना ईसीजी करावाच लागतो.

५. मास्क आणि वेग चुकला तर सिलिंडर असून नसल्यासारखा.

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण ‘ऑक्सिजन घेतला, उपयोग नाही झाला’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा इथेच निघते. नाकातल्या नळीने जमत नाही. साध्या मास्कमध्ये बाजूने खोलीतली हवा मिसळते. लागतो तो खाली पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मास्क. मास्क लावण्याआधी पिशवी पूर्ण फुगू द्या, मग मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवा आणि गालाजवळची फट हाताने दाबा. श्वास घेताना पिशवी थोडी आक्रसावी, पण चपटी होऊ नये. चपटी झाली तर वेग कमी पडतोय. पिशवी हललीच नाही तर मास्क बाजूने गळतोय. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेले कॉन्सन्ट्रेटर सहसा पाच लिटरचे, फार तर दहाचे असतात आणि वेग वाढवला की शुद्धता घटते. या कामाला सिलिंडरच हवा.

सिलिंडरचा हिशोब असा. छोट्या बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर वायू असतो. १२ लिटरने पंधरा मिनिटं म्हणजे एका झटक्याला १८० लिटर, त्यामुळे एक सिलिंडर आठेक झटके पुरतो. १५ लिटर लागले तर सहा. रोज दोन झटके येत असतील तर एक सिलिंडर जेमतेम चार दिवस टिकतो. म्हणून सीझनमध्ये दोन ठेवावे आणि एक रिकामा झाला की लगेच भरायला टाकावा.

रात्रीचा क्रम सांगतो. साडेबाराला झोप लागली असेल तर दोनच्या सुमारास मानेत आणि कानामागे ओढ जाणवून जाग येते. तेवढ्यात बायको उठलेली असते. ‘अहो, चावी फिरवू का?’ एवढंच विचारते. वॉल्व्ह उघडतो, फ्लोमीटरची गोटी बारावर आणायची. मी पलंगाच्या कडेला बसतो, कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे. आडवं व्हायचं नाही. पहिली पाच मिनिटं ठणका वाढतच राहतो आणि तिथेच माणूस मास्क फेकून उठतो. उठू नका. आठव्या-दहाव्या मिनिटाला डोळा सैल पडतो, पंधरापर्यंत दुखणं मागे सरकलेलं असतं. थांबल्यावरही पाचेक मिनिटं मास्क ठेवतो, नाहीतर झटका कधीकधी परततो. पंधरा मिनिटं होऊनही काहीच हललं नाही, तर वेग पंधरावर. तरीही नाही, तर सुमाट्रिप्टनचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन. ते दिवसात दोनपेक्षा जास्त नाही, आणि हृदयविकार असलेल्याने घ्यायचंच नाही.

ठणका शिगेला पोचल्यावर मास्क लावला तर वेळ जास्त लागतो. म्हणून सिलिंडर पलंगाच्या हाताशी, मास्क जोडलेला आणि चावी वॉल्व्हवरच ठेवलेली असते.

६. हा वायू खोलीत सांभाळून ठेवा.

क्लस्टरच्या रुग्णांत सिगारेट ओढणारे पुष्कळ. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत सिगारेट, देवासमोरचा दिवा, उदबत्ती, डासांची कॉइल यातलं काही नको. वॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावू नका; दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा. आणि ज्यांना सीओपीडी आहे त्यांनी इतका वेगवान ऑक्सिजन छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये, कारण त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

७. चिठ्ठी पूर्ण लिहून घ्या.

‘ऑक्सिजन घ्या’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर दुकानदार नाकातली नळी आणि पाच लिटरचं यंत्र देतो. तुमच्या डॉक्टरांकडून असं लिहून घ्या: क्लस्टर हेडेक, १०० टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, नॉन-रिब्रीदर मास्क, झटका सुरू होताच किमान १५ मिनिटं. सीझन सुरू व्हायच्या आधीच सिलिंडर घरात आणा आणि एकदा दिवसाउजेडी, डोकं शांत असताना, घरातल्या माणसाकडून वॉल्व्ह उघडून मास्क लावून पाहा.