दुकान मागे पडल्यावर वाजणारी आठवण

बाबांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कोथरूड डेपोजवळच्या एका मेडिकलमध्ये हमखास मिळतात. माझं ऑफिस हिंजवडीला आणि घर कर्वे पुतळ्याच्या बाजूला, म्हणजे दुकान परतीच्या वाटेवरच. ‘इथे पोचले की आठवण कर’ असं अँड्रॉइड फोनमधल्या रिमाइंडर अ‍ॅपला सांगून मी दुकानाभोवती १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. यालाच जिओफेन्स म्हणतात. पण संध्याकाळी स्कूटरवरून त्या वर्तुळातून गेले तरी फोन गप्प. कधी वाजलाच तर दुकान बरंच मागे पडल्यावर. अशाने गोळ्यांमध्ये खंड पडायची वेळ आली, तेव्हा मी याच्या मुळाशी जायचं ठरवलं.

मला आधी वाटायचं की फोन सतत जीपीएस लावून आपल्यावर नजर ठेवून असतो. तसं केलं तर बॅटरी फार लवकर संपेल. प्रत्यक्षात तो मोबाइल टॉवर आणि आसपासचे वाय-फाय यांच्यावरून अधूनमधून अंदाज घेतो. अ‍ॅप बंद असताना ‘आत आलात’ हे कळायला सरासरी दोन-तीन मिनिटं लागतात आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहा मिनिटंही लागू शकतात, असं गूगलची माहितीच सांगते. आता माझा हिशेब बघा. ताशी ३० किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला साधारण आठ मीटर जाते. २०० मीटर व्यासाचं वर्तुळ पंचवीस सेकंदांत पार होतं. फोन दोन मिनिटांनी डोळे उघडणार, तोवर मी आत येऊन बाहेरही पडलेली असते.

मग वर्तुळ मोठं केलं तर? दुकानाभोवती दीड-दोन किलोमीटरचं केलं असतं तर माझं घरच त्यात आलं असतं. मग पौड रोडच्या बाजूने आत शिरताना आठवण वाजली असती, पण वर्तुळाबाहेर जाऊन परत आलं की पुन्हा नको तेव्हा वाजलं असतं. म्हणून मी वर्तुळाचा मध्य दुकानावरून उचलून वाटेत अलीकडे, चांदणी चौकात नेला आणि त्रिज्या ७०० मीटर केली. हे वर्तुळ पार करायला मला जवळपास पावणेतीन मिनिटं लागतात, म्हणजे एक तरी तपासणी आत असतानाच होण्याची चांगली शक्यता असते. डेपो तिथून पुढे, वर्तुळाच्या बाहेर आहे, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी आठवण बहुधा दुकानाआधी वाजते. चौकातून दुसऱ्याच कामाला जाताना ती वाजते खरी, तेवढं मी चालवून घेते.

जिथे आपण खरोखर थांबणार आहोत, म्हणजे ऑफिस, शाळा, बँक, तिथे मध्य जागेवरच ठेवावा. त्रिज्या मात्र १०० ते १५० मीटरपेक्षा कमी नको. गावाकडे वाय-फाय विरळ असतात, तिथे अंदाज शेकडो मीटरनीच नव्हे तर किलोमीटरनीसुद्धा चुकू शकतो, म्हणून वर्तुळ तसंच ऐसपैस हवं. अंदाज नेमका यावा यासाठी वाय-फाय चालू ठेवलेलं बरं, नेटवर्कला जोडलेलं नसलं तरी चालतं.

वर्तुळ नीट आखूनही फोन गप्प राहिला, तर परवानगी तपासा. अ‍ॅप उघडं ठेवून त्या जागी गेलं की वाजतं आणि बंद ठेवलं की वाजत नाही, ही याची हमखास खूण. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी ‘Allow only while using the app’ एवढीच दिलेली असते. अँड्रॉइड ११ पासून ‘Allow all the time’ हा पर्याय परवानगी विचारणाऱ्या छोट्या खिडकीत दिसतच नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या परवानग्या उघडून Location मध्ये तो निवडावा लागतो. अँड्रॉइड १२ पासून तिथेच ‘Use precise location’ हे बटणही असतं. ते बंद असेल तर फोन त्या अ‍ॅपला ढोबळ जागाच सांगतो आणि ७०० मीटरच्या वर्तुळाला ती पुरत नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे परवानगी आपोआप जाणं. काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या अँड्रॉइड काढून घेतो. आठवण देणारं अ‍ॅप तर आपण मुद्दाम उघडतच नाही, त्यामुळे चांगलं चाललेलं अ‍ॅप सहा महिन्यांनी मुकं होऊ शकतं. अ‍ॅपच्या माहितीत तळाशी न वापरलेल्या अ‍ॅपबद्दलचं बटण असतं, ते बंद करून ठेवा. फोन बंद करून चालू केल्यावर जुनी वर्तुळं पुसली जातात आणि ती पुन्हा नोंदवायचं काम अ‍ॅपचं असतं. रीस्टार्टनंतर आठवण येईनाशी झाली, तर एकदा अ‍ॅप उघडून बघा.

बाबांच्या गोळ्यांसाठी मी आता जागेसोबत वेळेचाही गजर लावला आहे. पाकिटात दहा गोळ्या उरल्या की तो वाजतो. त्यामुळे चांदणी चौकात एखाद्या संध्याकाळी फोन गप्प राहिला, तरी दुकानात जायला नऊ संध्याकाळी शिल्लक असतात.