रिंगफिट सांधा: नागपूरच्या भिंतीवरचा

नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ पर्यंत उतरला होता. ही झाली हवेची गोष्ट. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन खाणारा संडासाचा उभा पाइप त्याहून बराच तापतो. उन्हाळ्यात त्याच्या अंगाचं तापमान ६० अंशांच्या आसपास धरून चालावं. पीव्हीसी तापली की लांबते आणि निवली की आखडते. भिंत मात्र जागची हलत नाही. लांबणाऱ्या पाइपला जागा कुठे मिळते? रबर रिंगच्या सांध्यात, सॉकेटच्या तळाशी सोडलेल्या त्या एक सेंटिमीटरच्या फटीत. ती फट नीट सोडली तर पाइप वर्षानुवर्षं गुपचूप वरखाली होत राहतो.

दुकानात सांडपाण्याचा पाइप दोन प्रकारांत मिळतो. सोल्यूशन लावून चिकटवायचा तो सेल्फिट आणि सॉकेटच्या खाचेत रबराची रिंग असलेला तो रिंगफिट. संडासाच्या लाइनीसाठी पाइपवर आयएस १३५९२ आणि टाइप बी असं छापलेलं बघून घ्यावं. टाइप ए पातळ असतो. तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला चालतो, मैल्याला नाही. इथे आपण ११० मि.मी.चा टाइप बी पाइप, तीन मजली घर आणि मजल्याची उंची ३ मीटर असं धरू. प्रत्येक मजल्याला एक टी, आणि दोन टींच्या मधे पाइपचा साधारण २.७ मीटरचा तुकडा.

सुरुवात कापण्यापासून. पाइपभोवती कागदाची सरळ पट्टी गुंडाळून तिच्या कडेने रेघ मारा आणि बारीक दातांच्या हॅकसॉने पाइप फिरवत फिरवत कापा. तिरका कापला तर टोकाची एक बाजू तळाला टेकते आणि दुसरी वर राहते, मग कितीही मोजलं तरी फट एकसारखी येत नाही. कापल्यावर आतबाहेरचा चुरा चाकूने काढून टाका. मग कानशीने टोकाच्या बाहेरच्या कडेला चारही बाजूंनी उतार द्या, साधारण १५ अंशांचा, जाडीचा निम्मा भाग शाबूत राहील इतपत. हे काम कंटाळवाणं आहे आणि साइटवर सगळ्यात आधी हेच गाळलं जातं. कारखान्यातून आलेल्या टोकाला उतार असतोच. आपण कापलेल्या टोकाला नसतो. त्या धारदार कडेने रिंग एक तर कापली जाते, नाही तर खाचेतून उचकटून आत ढकलली जाते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता रिंग. ती बाहेर काढून खाच कोरड्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात साइटवर धूळ उडत असते आणि खाचेतला वाळूचा एक कणसुद्धा रिंगखाली गळतीची वाट करून देतो. रिंग परत बसवताना तिची पातळ जीभ सॉकेटच्या आतल्या बाजूला राहील हे पाहा. बोटाने गोल फिरवून कुठे फुगलेली किंवा पिळलेली नाही याची खात्री करून घ्या.

पण रिंग परत बसवायच्या आधीच सॉकेटची खोली मोजून घ्या. रिंग काढलेलीच असते, तेवढ्यात पाइपचं टोक सॉकेटमध्ये तळापर्यंत घाला आणि सॉकेटच्या तोंडाशी पाइपवर पेन्सिलने रेघ मारा. ही ‘पूर्ण’ रेघ. तिच्यापासून टोकाच्या दिशेने, म्हणजे सॉकेटच्या बाजूला, १० मि.मी.वर दुसरी रेघ मारा. ही ‘थांबा’ रेघ. जोडताना सॉकेटचं तोंड या दुसऱ्या रेघेवर येऊन थांबलं पाहिजे. सॉकेटची खोली कंपनीगणिक बदलते, त्यामुळे मागच्या साइटचं माप इथे वापरू नये. एकाच घरात पाइप एका कंपनीचा आणि टी दुसऱ्या कंपनीची असेल तर प्रत्येक सांध्याला वेगळं मोजावं.

वंगणासाठी पाइप कंपन्यांचं रबर लुब्रिकंट मिळतं. ते नसेल तर भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी चालतं. ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलीन, खाद्यतेल यांतलं काहीही नको. ही रबरात भिनतात. रिंग आधी फुगते, मग मऊ पडते आणि काही वर्षांत पकड सोडते. गंमत अशी की ग्रीस लावलेला सांधा बसतो सगळ्यात छान, म्हणूनच ही सवय सुटत नाही. लुब्रिकंट लावायचं ते पाइपच्या टोकाला, उतारापासून ‘थांबा’ रेघेच्या अलीकडेपर्यंत, पातळ थरात. आणि रिंगच्या फक्त आतल्या, पाइपला लागणाऱ्या अंगाला. रिंगच्या पाठीमागे, खाचेत, थेंबही जाऊ देऊ नका. खाच निसरडी झाली की पाइपबरोबर रिंगही निघून जाते. मे महिन्यात साबणाचं पाणी बघता बघता वाळतं, म्हणून दहा टोकांना एकदम लावून ठेवू नये. एक टोक माखायचं, लगेच जोडायचं.

उभ्या लाइनीत सॉकेटचं तोंड वर असतं आणि वरच्या पाइपचं टोक त्यात खाली उतरतं, म्हणजे वाहतं पाणी सांध्याच्या फटीवर आदळत नाही. पाइप सॉकेटच्या सरळ रेषेत धरून, किंचित फिरवत, एका दमात दाबा. हाताने जात नसेल तर टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवून पहारीने रेटा द्या. हातोडीने ठोकू नका. खूप जोर लागत असेल तर सांधा उघडा आणि रिंग बघा. बहुतेक वेळा ती उचकटलेली सापडते. ‘थांबा’ रेघेवर आल्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी सॉकेट आणि पाइप यांच्या फटीत घालून गोल फिरवा. सगळीकडे सारख्याच खोलीवर रबराला टेकली तर रिंग जागेवर आहे. एखाद्या ठिकाणी पट्टी जास्त आत गेली तर तिथे रिंग हललेली आहे.

आता त्या १० मि.मी.चा हिशेब, कारण तो समजला नाही तर मापटेप हातात असूनही चूक होते. पीव्हीसीचा एक मीटर पाइप एका अंशाने तापला की साधारण ०.०७ मि.मी. वाढतो. आपला तुकडा २.७ मीटरचा. डिसेंबरच्या सकाळी २२ अंशांवर बसवला आणि मेमध्ये ६० वर गेला, तर ३८ अंशांचा फरक; वाढ सात मि.मी.च्या थोडी वर. दहाची फट पुरते. पण वर टी नाही म्हणून व्हेंटकडे जाताना ६ मीटरचा अख्खा पाइप लावला तर तोच फरक १६ मि.मी. होतो, आणि दहाची फट जूनच्या आधीच संपते. ‘दहा मि.मी. सोडा’ हा नियम तीन मीटरच्या आतल्या तुकड्यांसाठी आहे. त्याहून लांब पाइप असेल तर मधे आणखी एक रिंगचा सांधा घ्या.

उलटी बाजू मेमधल्या कामाची. गच्चीवर उन्हात पडलेला पाइप बसवताना ५५ अंशांवर असतो. तो आणखी फारसा वाढणार नाही, पण डिसेंबरच्या पहाटे ८ अंशांवर जवळजवळ ९ मि.मी. आखडेल. समजा आपल्या सॉकेटमध्ये रिंगच्या पलीकडे तळापर्यंत ३५ मि.मी. जागा आहे. मिस्त्रीने ‘जरा मोकळं असू दे’ म्हणून २० सोडली. हिवाळ्यात फट २९ होते, रिंगच्या पुढे पाइप उरतो ६ मि.मी., आणि तेवढा तर टोकाचा उतारच असतो. रिंग उतारावर आली की सांधा गेला. गळतीच्या आधी वास येतो, तोही थंडीत पहाटे, आणि दुपारी ऊन पडलं की नाहीसा होतो. त्यामुळे लोक ट्रॅपला दोष देत बसतात. म्हणून माझं मत असं, की तापलेला पाइप जोडायचाच नाही. आदल्या दिवशी सावलीत ठेवावा आणि काम सकाळी उरकावं. तेही जमत नसेल तर ५ मि.मी. सोडावी. शून्य मात्र कधीच नाही.

एवढं करूनही फट दोन दिवसांत बंद होऊ शकते. पावणेतीन मीटरच्या तुकड्याचं वजन पाच किलोच्या आसपास, सांधा नुकताच निसरडा केलेला, आणि खाली काहीच आधार नाही. पाइप स्वतःच्या भाराने सरकत सरकत तळाला टेकतो. म्हणून सांधा झाल्या झाल्या, पाइप हातातून सोडायच्या आधी, त्याच्या वरच्या सॉकेटखाली क्लॅम्प घट्ट आवळायचा. हा पक्का क्लॅम्प. एका तुकड्याला असा एकच. मधला क्लॅम्प पाइपला फक्त रांगेत धरतो. तो इतका सैल हवा की पाइप हाताने वरखाली सरकेल. टी स्लॅबमध्ये किंवा तिच्या फांदीमुळे अडकलेलीच असते. तिचं खालचं टोक खालच्या पाइपच्या पक्क्या सॉकेटमध्ये पूर्ण बसलं तरी हरकत नाही, कारण पाइपची हालचाल खाली, दुसऱ्या टीच्या सॉकेटमधल्या फटीत होते. दोन्ही क्लॅम्प आवळले तर फट असून नसल्यासारखी. ‘भाऊ, असा ठासून बसवला, आता हालतच नाही’ असं मिस्त्री कौतुकाने म्हणाला, की स्क्रू ड्रायव्हर घेऊन मधला क्लॅम्प आपणच ढिला करावा.

फट नसलेली लाइन उन्हाळ्यात ओळखू येते. दोन क्लॅम्पच्या मधे पाइप धनुष्यासारखा बाहेर येतो, क्लॅम्पचे खिळे प्लास्टरमधून उपसतात, दुपारनंतर कटकट आवाज येतो. पाइप टीला ढकलतो, टी फांदीला ढकलते, आणि शेवटी कमोडच्या जोडापाशी टाइलला तडा जातो. हे टाळायचं म्हणून काही जण रिंगच्या सॉकेटमध्ये सोल्यूशन ओततात. ते धरतही नाही, कारण रिंगच्या सॉकेटमध्ये पाइप सैल असतो आणि सोल्यूशनला घट्ट बसणारी जोडी लागते. आणि जिथे थोडंफार धरतं तिथे हालचाल मरते.

प्लास्टर किंवा डक्ट बंद करायच्या आधी चाचणी घ्या, एकेका मजल्याची. डोअर टीमधून खाली टेस्ट प्लग फुगवा, वरपर्यंत पाणी भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. प्रत्येक सॉकेटच्या तोंडाखाली कोरडा टिश्यू फिरवा. ओल त्यावर डोळ्यांना दिसण्याआधी उमटते. पाणी उतरलं पण टिश्यू कोरडा, तर प्लग गळतोय. चाचणी झाल्यावर प्रत्येक ‘थांबा’ रेघ पुन्हा पाहा: सॉकेटचं तोंड अजून तिच्यावरच असेल तर पक्का क्लॅम्प धरतोय. रेघ सॉकेटमध्ये गडप झाली असेल तर पाइप खाली बसला आहे. क्लॅम्प सोडा, पाइप वर उचला आणि रेघेवर आणून पुन्हा आवळा.