मुद्दल वापस कधी?

मस्कतला एकोणीस वर्षे नोकरी केली ती अमरावतीत घर बांधण्यासाठी. 2017 च्या जूनमध्ये तिथल्या बँकेतल्या सल्लागाराने मला एक रोखा सुचवला. युरोपातल्या मोठ्या बँकेने काढलेला, डॉलरमधला, व्याज साडेसहा टक्के. "2020 मध्ये पैसे परत," असे त्याने सांगितले, आणि माझी परतण्याची तयारीही 2020 चीच होती. मी दोन लाख डॉलरचा एक रोखा घेतला. त्याखाली तुकडा मिळतच नव्हता.

2020 चा जून आला, पैसे काही आले नाहीत. बँकेने रोखा परत न घेण्याचे ठरवले होते आणि तसे करण्याचा तिला पुरता अधिकार होता. तो अधिकार ज्या पानावर लिहिला होता ते पान माझ्या ई-मेलमध्ये तीन वर्षे पडून होते. दीडशेहून जास्त पानांचे ते ऑफर डॉक्युमेंट मी उघडलेच नव्हते.

गेल्या वर्षी अकोल्याहून भाऊजींचा फोन आला. त्यांचा मुलगा दुबईत आहे. त्याला तिथल्या बँकेने असाच एक रोखा दाखवला होता, व्याज आठ टक्के. बापलेकांनी निम्मे निम्मे पैसे घालायचे असा मुलाचा बेत. भाऊजींचा वाटा शेत विकून आलेल्या पैशातला होता. भाऊजी जन्मभर मुदतठेवीच्या पलीकडे गेलेले नाहीत. मी कागदाच्या प्रती काढून अकोल्याला गेलो. ते चष्मा लावून बसले आणि म्हणाले, "बाकी सारं राहू दे. मले एकच सांग, मुद्दल वापस कधी?"

मी 2017 मध्ये हाच एक प्रश्न विचारायला हवा होता.

आम्ही आधी माझाच जुना हिशेब कागदावर मांडला. माझा रोखा बाजारातून घेतलेला होता आणि शंभरचा रोखा 104 ला मिळाला होता. म्हणजे 2 लाखांच्या रोख्याला मी 2 लाख 8 हजार डॉलर मोजले. साडेसहा टक्के हे कूपन, आणि ते शंभरवर मिळते, 104 वर नाही. त्यामुळे घातलेल्या पैशांवर व्याज सव्वासहाच टक्के पडले. शिवाय तीन वर्षांनी परत मिळणार होते शंभर. वरचे चार बुडणारच होते. ते तीन वर्षांवर पसरले की खरा परतावा वर्षाला पाच टक्क्यांवर येतो. कागदावर याला 'यील्ड टू कॉल' म्हणतात. सल्लागाराने कूपन सांगितले, मी ते परतावा समजून ऐकले.

पण तो पाच टक्क्यांचा आकडासुद्धा एका अटीवर उभा होता: बँकेने 2020 मध्ये रोखा परत घेतला तर. 'कॉल' म्हणजे परत घेण्याची मुभा, आणि ती फक्त रोखा काढणाऱ्याला असते. भाऊजींना मी मक्त्याचे उदाहरण दिले. शेत पाच वर्षांच्या मक्त्याने दिले, पण पाच वर्षांनी सोडायचे की नाही हे मक्तेदारच ठरवणार, आणि तो नाही म्हणाला तर शेत त्याच्याचकडे, कायमचे. भाऊजी म्हणाले, "असा मक्ता कोन करीन बाप्पा?" मी केला होता. रोख्याच्या नावातच 'पर्पेच्युअल' हा शब्द होता, म्हणजे मुदत नसलेला.

तेव्हा बाजारात समज असा होता की बँका परत घेण्याच्या पहिल्या तारखेला पैसे परत करतातच. 2019 च्या फेब्रुवारीत स्पेनच्या सँटँडेर बँकेने दीड अब्ज युरोच्या अशा रोख्याची पहिली तारीख जाऊ दिली आणि तो समज मोडला. कारण साधे आहे. नवा रोखा काढायला जास्त व्याज द्यावे लागणार असेल, तर बँक जुनाच चालू ठेवते. उलट नवा रोखा कमी व्याजात निघत असेल तर जुना परत घेते, आणि तुमच्या हातात पैसे येतात तेव्हा ते कमी व्याजाने गुंतवावे लागतात. दोन्हीकडून सोय तिची. म्हणून शहाणा माणूस 'यील्ड टू वर्स्ट' विचारतो, म्हणजे बँकेने तुमच्या दृष्टीने वाईटात वाईट तारीख निवडली तर काय पदरात पडेल.

परत न घेतल्यावर व्याजही नव्याने ठरते. माझ्या कागदात लिहिले होते: अमेरिकी सरकारच्या पाच वर्षांच्या रोख्याचा त्या दिवशीचा दर अधिक 4.9 टक्के. 2020 च्या जूनमध्ये तो दर जेमतेम 0.3 टक्के होता. साडेसहाचे 5.2 झाले. इकडे घराचा पाया खोदून झाला होता, पैसे हवेच होते, म्हणून मी रोखा बाजारात 88 ला विकला. तीन वर्षांचे व्याज 39 हजार, विक्रीचे 1 लाख 76 हजार, एकूण 2 लाख 15 हजार डॉलर. घातले होते 2 लाख 8 हजार. तीन वर्षांत कमाई सात हजार, वर्षाला टक्काभर. त्या काळात डॉलर 64 रुपयांवरून 75 रुपयांवर गेला म्हणून रुपयात माझी चूक झाकली गेली. त्यात माझी हुशारी काही नव्हती, आणि रुपया वधारला असता तर उलटेही झाले असते.

मग आम्ही भाच्याचा कागद घेतला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होते की हा रोखा युरोपातल्या किरकोळ गुंतवणूकदारांना विकू नये. भाऊजी थांबले. "त्याईच्या लोकाईले नाही, मंग आपल्याले काहून?" हा मजकूर कायद्याची औपचारिकता म्हणून लोक उलटून टाकतात. पण ज्या प्रदेशात ग्राहकसंरक्षण कडक आहे, तिथे हा माल साध्या माणसासाठी नाही असे ठरलेले आहे, एवढे तरी त्यातून समजते.

नंतर 'रिस्क फॅक्टर्स'. हे प्रकरण पंचवीस-तीस पाने असते आणि वाचणारा तिसऱ्या पानावर कंटाळतो, कारण सुरुवातीला युद्ध, साथ, संगणकातली चोरी, व्याजदर असे कुठल्याही बँकेला लागू पडणारे धोके असतात. ते चाळा. थांबायचे आहे 'रोख्यासंबंधीचे धोके' या भागात, कारण तिथला प्रत्येक परिच्छेद तुमच्या परताव्याच्या एकेका आकड्याला हात घालतो. युरोपात जुलै 2019 मध्ये लागू झालेल्या प्रॉस्पेक्टस नियमाने प्रत्येक गटात सर्वांत महत्त्वाचा धोका आधी लिहिणे सक्तीचे केले. त्या नियमाखालचा कागद असेल तर पहिले दोन परिच्छेद दोनदा वाचा.

भाच्याच्या कागदात तीन परिच्छेद निर्णायक होते. पहिला व्याजाचा: बँक वाटेल तेव्हा व्याज रद्द करू शकते, रद्द झालेले व्याज पुढे साचत नाही, आणि ते न देणे ही थकबाकी धरली जात नाही. म्हणजे आठ टक्के ही वरची मर्यादा होती, हमी नव्हे. दुसरा परतफेडीचा, तो माझ्यासारखाच. तिसरा मुद्दलाचा: बँकेचे मूळ भांडवल ठरलेल्या टक्क्याखाली गेले, किंवा बँक आता चालू शकत नाही असे नियामकाने ठरवले, तर रोख्याची किंमत कायमची शून्य करता येईल.

"असं कुठं झालं हाये का?" भाऊजींनी विचारले.

झाले आहे. 19 मार्च 2023 ला स्वित्झर्लंडमध्ये क्रेडिट स्विस ही बँक यूबीएसने घेतली. त्या व्यवहारात भागधारकांना सुमारे तीन अब्ज फ्रँक मिळाले आणि अशा रोखेधारकांचे सुमारे सोळा अब्ज फ्रँक शून्य झाले. भागधारकाच्या आधी धनको, हा आपल्या डोक्यातला क्रम तिथे उलटा झाला. 2025 च्या ऑक्टोबरात तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली, पण मधली अडीच वर्षे पैशांविना गेली आणि निकालावर अपीलही झाले. आपल्याकडे 2020 च्या मार्चमध्ये येस बँकेचे अशाच प्रकारचे 8,415 कोटींचे रोखे शून्य करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये ते रद्द केले, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुदतठेवी मोडून हे रोखे घेतलेले ग्राहकही त्यात होते. येस बँकेच्या त्या प्रकारानंतर सेबीने 2020 मध्येच देशातल्या अशा रोख्यांसाठी किमान एक कोटीची अट घातली.

शेवटी आम्ही आठ टक्क्यांचे दोन भाग केले. त्या वेळी अमेरिकी सरकारचा रोखा सुमारे चार टक्के देत होता. तेवढे डॉलर सांभाळण्याचे भाडे. वरचे चार टक्के हे तीन परिच्छेदांतले धोके अंगावर घेण्याचा मोबदला. कुठलाही परदेशी रोखा असा तोडून पाहता येतो: त्याच चलनातला, तेवढ्याच मुदतीचा सरकारी दर वजा करा, उरेल ती धोक्याची किंमत. ती मोठी असेल तर कुठला तरी परिच्छेद तुम्ही अजून वाचलेला नाही.

भारतातून पैसे पाठवायचे तर आणखी एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण गुंतवणुकीसाठी दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आधीच गोळा करते. विवरणपत्रात तो वळता होतो, तोवर मात्र अडकतो. भाऊजींच्या ऐंशी लाखांवर ते चौदा लाख झाले असते. शिवाय व्याज आपल्या कराच्या टप्प्यानुसार करपात्र, आणि रोखा परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो.

ज्यांच्या हाती असा कागद येईल त्यांना माझे एवढेच सांगणे. दीडशे पाने वाचायला वेळ नसेल तर फाइल उघडा आणि शोधपट्टीत हे चार शब्द टाका: `sole discretion`, `non-cumulative`, `write-down`, `reset`. ते जिथे जिथे सापडतील तो परिच्छेद पूर्ण वाचा. मग सल्लागाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: आजच्या भावाने यील्ड टू वर्स्ट किती, मुद्दलाची बंधनकारक तारीख कोणती, आणि व्याज चुकले तर माझा हक्क काय. माझ्या वेळी मी हे विचारले असते तर दुसऱ्या ओळीत 'तारीख नाही' असे लिहून आले असते, आणि घराचे पैसे मी तिथे घातले नसते.

भाऊजींनी भाच्याच्या कागदाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिले, "मुद्दलाची तारीख: नाही," आणि त्याचा फोटो दुबईला पाठवला. त्यांचे ऐंशी लाख अकोल्यातल्या बँकांमध्ये मुदतठेवीत आहेत. ठेवीचा विमा एका बँकेत माणशी पाच लाखांचाच, म्हणून सगळे एकाच बँकेत ठेवलेले नाहीत. प्रत्येक पावतीवर परतीची तारीख छापलेली आहे.