अडलेला शब्द शोधताना : नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन पायऱ्या

(दर जूनमध्ये सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतून मुले शिकण्यासाठी शाळेत आणि वसतिगृहात दाखल होतात. घरी कोकणा, वारली अशा बोली बोलणाऱ्या या मुलांना पुस्तकातली मराठी सुरुवातीला परकी वाटते. शाळेच्या ग्रंथपालबाईंनी त्यांच्यासाठी लिहिलेले हे टिपण. आपल्या घरातल्या व मंडळीतल्या मुलांनाही ते वाचून दाखवावे.)

प्रिय मुलांनो,

गेल्या वर्षी पाचवीतली एक मुलगी शब्दकोश परत करायला आली. "बाई, या कोशात शब्दच नाहीत," ती म्हणाली. तिने पाच शब्द शोधले होते आणि एकही सापडला नव्हता. ते पाचही शब्द कोशात होते. ती ते पुस्तकात दिसले तसेच शोधत होती, म्हणून सापडत नव्हते. त्यानंतर तिने महिनाभर कोशाला हात लावला नाही. तुमचे तसे होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आपण एकच वाक्य घेऊ या :

"मृगात पावसाने ओढ दिली, तेव्हा ओढ्याला पाणी उरले नाही आणि बायकांना विहिरीतून पाणी ओढावे लागले."

यात ओढ, ओढ्याला, ओढावे हे तीन शब्द बहिणींसारखे दिसतात, पण तिघींची घरे वेगळी आहेत.

पहिली पायरी : वाक्य पुन्हा वाचा आणि अंदाज करा

कोश लगेच उघडू नका. आधी एवढेच विचारा, की हा शब्द वाक्यात काय काम करतो? कशाचे नाव आहे, कसे आहे ते सांगतो, की काही केल्याचे सांगतो? "ओढ्याला पाणी उरले नाही" म्हणजे जिथे एरवी पाणी असते अशी ती जागा असणार. "पाणी ओढावे लागले" म्हणजे ते करायचे काम आहे. हा अंदाज वहीत पेन्सिलीने लिहा. चुकला तरी हरकत नाही. पुढे कोशात चार अर्थ दिसतील तेव्हा त्यातला कोणता घ्यायचा हे याच अंदाजावरून ठरवायचे आहे.

दुसरी पायरी : शब्दाला मूळ रूपात आणा

कोशात शब्द त्याच्या मूळ रूपात असतो. वाक्यात येताना त्याला ला, ने, नी, चा, त, ऊन, वर, साठी असे शेपूट जोडले जाते, आणि शेपूट जोडताना शब्द स्वतःही थोडा बदलतो. म्हणून आधी शेपूट काढा, मग बदल उलटा फिरवा.

"ओढ्याला" मधून "ला" काढला की "ओढ्या" उरतो. शेवटी "या" चा जोड आला की बहुधा मूळ शब्द "आ" ने संपतो. घोड्याला हा घोडा, तसा ओढ्याला हा ओढा. पण पाण्याला हे पाणी आहे आणि केळ्याला हे केळे. म्हणून आ नाही जमले तर ई आणि ए लावून पाहा.

"पावसाने" मधून "ने" काढला की "पावसा" उरतो. मुले "पावस" शोधतात आणि थकतात. इथे "व" च्या जागी मूळचा "ऊ" आहे : पाऊस. तसेच देवळात म्हणजे देऊळ. कोशात हे दोन शब्द जवळ नसतात. ऊ हा स्वर असल्यामुळे "पाऊस" हा "पा" च्या अगदी सुरुवातीला येतो आणि "पाव" कितीतरी पाने पुढे.

ऱ्हस्व-दीर्घही बदलते. विटांनी म्हणजे वीट, फुलांचा म्हणजे फूल, बहिणीला म्हणजे बहीण. "विट" शोधाल तर "वि" च्या पानांवर फिरत राहाल. वीट आहे "वी" मध्ये. म्हणून आधी दीर्घ करून पाहा. नाही सापडला तर ऱ्हस्व. गुणाला या शब्दाचे मूळ "गुण" असेच आहे.

क्रियापद असेल तर शेवटी "णे" लावा : ओढावे, ओढले, ओढून या सर्वांचे मूळ ओढणे. गेला, आला, झाला मात्र पाठच करा, कारण त्यांची मुळे जाणे, येणे, होणे ही आहेत.

तिसरी पायरी : क्रमाने शोधा आणि अर्थ वाक्यात घालून पाहा

कोशाचा क्रम बाराखडीचा असतो. आधी स्वर, मग क पासून व्यंजने. एका अक्षराच्या आत काना, वेलांटी, उकार, मात्रा या क्रमाने जायचे, आणि जोडाक्षरे त्या अक्षराच्या शेवटी. म्हणून ओढ, ओढणी, ओढणे, ओढा अशी रांग लागते. अनुस्वाराचे शब्द काही कोशांत अक्षराच्या सुरुवातीला, तर काहींत औकारानंतर असतात. क्ष आणि ज्ञ यांचेही तसेच : कुठे क आणि ज मध्ये, कुठे सर्वांत शेवटी. नवा कोश हातात आला की आधी "कंद" आणि "क्षण" कुठे आहेत ते पाहून ठेवा.

आपल्या कपाटातला दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून निघू लागला. 1962 चे शुद्धलेखनाचे नियम त्यानंतरचे. म्हणून त्यात गांव, नांव असे उच्चारात नसलेले अनुस्वार दिसतील. शब्द न सापडल्यास एक टिंब वाढवून पाहा.

शब्द सापडला की पहिला अर्थ उचलून पळू नका. "ओढ" ची नोंद पाहा. तिच्यापुढे "स्त्री." असे लिहिलेले असेल, म्हणजे ती ओढ. अर्थ खेच, आकर्षण असे दिसतील. आता वाक्यात घाला : "पावसाने आकर्षण दिले." काही जुळते का? नाही. मग खाली वाचत जा. नोंदीत वाक्प्रचारही असतात, आणि "ओढ देणे" म्हणजे वेळेवर न येणे, ताण देणे. "पावसाने ताण दिला, म्हणून ओढ्याला पाणी उरले नाही." आता वाक्य सरळ झाले. छोट्या कोशात वाक्प्रचार नसेल तर मोठा मागून घ्या.

शेवटची परीक्षा अशी. तो अर्थ घरच्या बोलीत आजीला सांगता येतो का? पुस्तकात नाचणी आली आणि तुम्ही वहीत शेजारी "नागली" लिहिले, तर तो शब्द तुमचा झाला. कोशातला अर्थ जसाच्या तसा उतरवला आणि त्यातलाच एखादा शब्द अडला, तर काम अर्धेच झाले. त्या दुसऱ्या शब्दालाही याच पायऱ्या लावा.

एक गोष्ट कोशाला जमत नाही. तुमच्या पाड्यावरचे कितीतरी शब्द, झाडांची आणि भाज्यांची नावे, त्यात नाहीत. म्हणून ते शब्द चुकीचे ठरत नाहीत. माझ्या टेबलावर त्यासाठी एक निळी वही आहे. त्यात शब्द, अर्थ आणि आपल्या पाड्याचे नाव लिहा.

ती पाचवीतली मुलगी आता सहावीत आहे. तिचे पाच शब्द होते देवळात, विटांनी, बहिणीला, केळ्याची आणि झाला. मधल्या सुट्टीत कोश घेऊन या आणि पाचही शोधून दाखवा.

तुमची,
ग्रंथपालबाई