‘म्हणजे’ कुठे येतं ते शोधा

राज्यसेवेच्या मुलाखतीचा सराव करताना बहुतेक जण दिवसाला वीस प्रश्न घेतात आणि एकाचंही उत्तर पुन्हा ऐकत नाहीत. मी उलट सांगते: एक प्रश्न घ्या, दीड मिनिटाचं उत्तर द्या आणि त्यावर पूर्ण संध्याकाळ घालवा.

आधी मांडणी. फोन पुस्तकांच्या ढिगावर, डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवा. मांडीवर किंवा हातात धरला की मान खाली जाते आणि आवाज घशात अडकतो. मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटू नये म्हणून विमान मोड लावा. समोर मैत्रिणीला बसवा. प्रश्न तिनं विचारायचा, कारण स्वतःच वाचलेल्या प्रश्नाला आपण तयार असतो आणि खरा गोंधळ पकडला जात नाही. बोलताना आपले शब्द मोजू नका. तसं केलंत तर उत्तर लाकडासारखं होतं.

रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, दोन-तीन तास जाऊ द्या. मग पडद्याकडे न बघता फक्त आवाज ऐका आणि जे कानावर पडेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा, ‘अं’सुद्धा. हे कंटाळवाणं काम टाळलं की बाकीचं सगळं वाया जातं, कारण नुसतं ऐकताना कान ‘अं’, ‘म्हणजे’सारखे शब्द गाळून टाकतो.

लातूरकडची कृषी पदवीधर मुलगी माझ्याकडे सरावाला यायची. ‘शेतीचं शिकून प्रशासनात का?’ या प्रश्नाला तिनं दिलेलं उत्तर वहीत असं उतरलं: “अं… म्हणजे मी बीएस्सी ॲग्री केलं, तर म्हणजे बेसिकली शेतकऱ्यांशी, काय म्हणतात, थेट संबंध आला. म्हणजे गावात काम करताना लक्षात आलं की, म्हणजे, योजना आहेत पण पोचत नाहीत.”

आता प्रत्येक संशयित शब्दावर बोट ठेवून वाक्य त्याच्याशिवाय वाचा. अर्थ तसाच राहिला तर तो भरतीचा शब्द. त्याला गोल करा. बदलला तर राहू द्या. ‘पंचनामा, म्हणजे नुकसानीची जागेवर केलेली नोंद’ इथला ‘म्हणजे’ आपलं काम करतो, त्याला हात लावू नका. तिच्या उत्तरातले चारही ‘म्हणजे’ मात्र गोलात गेले.

संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. पहिले दोन उत्तराच्या तोंडाशी होते: वाक्य ठरण्याआधीच तोंड उघडलं होतं. यावर उपाय साधा आहे. प्रश्न संपला की एक श्वास घ्या, पहिलं वाक्य मनात पूर्ण करा, मग बोला. तुम्हाला ती शांतता फार लांब वाटेल. रेकॉर्डिंगमध्ये ती जेमतेम जाणवते. तिसरा दोन वाक्यांना नुसतं जोडत होता, तिथे पूर्णविराम पुरतो. चौथा वेगळ्या जातीचा. तो मुख्य दाव्याच्या अगदी आधी आला, आणि समोर बसलेल्या तिच्या मैत्रिणीनं “कोणती योजना?” विचारल्यावर मुलगी गप्प झाली. तिच्याकडे उदाहरणच नव्हतं. अशा जागी शब्द गाळण्यात अर्थ नसतो, माहिती भरावी लागते.

तिनं आठवून दुसऱ्या दिवशी सांगितलं: “आमच्या गावात गारपिटीनंतर पीक विम्यासाठी नुकसान ७२ तासांत कळवायचं होतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. माझे काकाही त्यात होते.” त्या वाक्यात एकही गोल पडला नाही, कारण शोधायला काही उरलंच नव्हतं.

मैत्रिणीकडून काय घ्यायचं तेही आधीच ठरवा. “कसं झालं?” विचारलंत की “छान झालं” एवढंच मिळतं, तिला तुमचं मन मोडायचं नसतं. त्याऐवजी रेकॉर्डिंगआधी तिच्या हाती कागद द्या आणि तीन गोष्टी लिहायला सांगा: उत्तरातलं कोणतं वाक्य तिला नंतर आठवतं, तिचं लक्ष कुठे सुटलं आणि तिला कोणता उपप्रश्न विचारावासा वाटला. पहिल्या रकान्यात काहीच नसेल तर उत्तरात पकडण्यासारखं काही नव्हतं. उपप्रश्न तिनं मध्येच तोडून विचारावा, मुलाखत मंडळावरचे सदस्यही तसं करू शकतात. तोडल्यावर तुम्ही पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू केलंत, तर उत्तर पाठ झालंय हे ओळखा.

मैत्रीण तुमच्याच विषयाची नसेल तर उत्तम. ‘७/१२’ किंवा ‘फेरफार’ तिला कळला नाही तर ती थांबवेल. मात्र तुमची माहिती चुकीची असली तर ते तिला कळणार नाही. तेवढ्यासाठी जाणकाराला वेगळं गाठा.

तोच प्रश्न तीनदा रेकॉर्ड करा, दर वेळी वेगळ्या दिवशी. तिसऱ्यांदा शब्द तेच आणि वेग वाढलेला दिसला तर तो प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा आणि मैत्रिणीला तो वेगळ्या शब्दांत विचारायला सांगा.