क्रॅटम : एकच पान, दोन परिणाम आणि देशोदेशीचे वेगळे कायदे



आजचा विषय आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. तो माझ्यापर्यंत आला एका आईमुळे. त्यांचा मुलगा चौथीला माझ्या वर्गात होता. आता तो टेक्सासमध्ये एम.एस. करतो. व्हिडिओ कॉलवर त्याच्या टेबलावर हिरव्या पावडरीचं एक पाकीट दिसलं. आईने विचारलं तर म्हणाला, "अगं, हर्बल चहा आहे. इथे पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळतो. अभ्यासाला जाग येते." पाकिटावर नाव होतं क्रॅटम. आईने मला फोन केला, "मॅडम, हे काय असतं हो? पेट्रोल पंपावर मिळतं म्हणजे वाईट नसणार ना?"

मलाही उत्तर माहीत नव्हतं. मी डॉक्टर नाही. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की त्या माउलीच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. हे पान शरीरात काय करतं, हा एक. आणि दुकानात मिळतं म्हणजे सुरक्षित असतं का, हा दुसरा. दोन्ही सावकाश पाहू.

झाड कुठलं?

क्रॅटम हे थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या भागांतलं उंच झाड आहे. शास्त्रीय नाव मित्रागायना स्पेसिओसा. कॉफी ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे झाड. मलेशियात त्याला केतुम म्हणतात.

दक्षिण थायलंडमध्ये रबराच्या बागा आहेत. रबराचा चीक काढण्याचं काम पहाटेच्या अंधारात चालतं, आणि मग दिवसभर उन्हात इतर कामं असतात. तिथले मजूर पिढ्यान्‌पिढ्या क्रॅटमचं ताजं पान चघळत आले आहेत. पानाची मधली शीर काढून टाकायची, पान चावायचं, वर पाणी किंवा गरम कॉफी प्यायची. त्याने थकवा जाणवत नाही, ऊन सोसतं, भूक मरते. आपल्याकडे शेतात राबणारा माणूस तंबाखूची चिमूट दाढेत धरतो, तसंच काहीसं.

जागवणारं आणि गुंगवणारं, दोन्ही कसं?

ही या पानाची सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. थोडं घेतलं की चहा-कॉफीसारखी तरतरी येते, माणूस बोलका होतो. जास्त घेतलं की उलट होतं. अंग जड होतं, वेदना कमी होतात, डोळे मिटायला लागतात, मळमळतं, बद्धकोष्ठ होतो. हे दुसरे परिणाम अफूच्या जातीच्या औषधांसारखे आहेत. वाळलेल्या पानाच्या पावडरीचं साधारण गणित असं सांगतात की पाच ग्रॅमच्या आत तरतरी आणि त्यापुढे गुंगी. पण ही रेघ पक्की नाही. माणूस बदलला, पाकीट बदललं की तीही सरकते.

आता कारण पाहू. या पानात चाळीसहून जास्त अल्कलॉइड सापडले आहेत. त्यांतलं मुख्य मित्रागायनिन. मुलांना सांगतो तसं कुलूप-किल्लीच्या भाषेत समजून घेऊ. आपल्या मेंदूत वेदना आणि सुख यांच्याशी जोडलेली काही कुलपं असतात. मॉर्फिन त्यांत बसतं आणि किल्ली पूर्ण फिरते. मित्रागायनिन त्याच कुलपात बसतं, पण किल्ली अर्धवट फिरते. शिवाय ते जागेपणा, सावधपणा यांच्याशी संबंध असलेल्या इतर कुलपांनाही हात लावतं. म्हणून प्रमाण कमी असताना एक बाजू वर दिसते, प्रमाण वाढलं की दुसरी.

पण गोष्ट इथे संपत नाही. पोटात गेलेल्या मित्रागायनिनचा थोडा भाग आपलं यकृत दुसऱ्या पदार्थात बदलतं. त्याचं नाव ७-हायड्रॉक्सीमित्रागायनिन. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा पदार्थ मॉर्फिनपेक्षाही तीव्र आढळला आहे. ताज्या पानात तो अगदी नाममात्र असतो. पण आता अमेरिकेत हाच पदार्थ वेगळा काढून किंवा प्रयोगशाळेत बनवून गोळ्या आणि छोट्या बाटल्यांत विकला जातो. पाकिटावर नाव आणि चित्र मात्र त्याच हिरव्या पानाचं. पान चघळणारा मजूर आणि अशी गोळी गिळणारा मुलगा, दोघंही "क्रॅटम घेतो" असंच म्हणतील. पण दोघांच्या शरीरात जे जातं त्यात फार मोठं अंतर आहे.

सवय कशी लागते?

त्या मुलाचीच गोष्ट सांगते. आईच्या परवानगीने, नाव न घेता.

सुरुवात परीक्षेच्या आठवड्यात झाली. रात्री एक चमचा पावडर कोमट पाण्यात. जाग आली, अभ्यास झाला. महिन्याभरात एका चमच्याने काही होईना, म्हणून दोन झाले, मग तीन. दिवसातून एकदा घेत होता ते तीनदा घेऊ लागला. गंमत म्हणजे जे जागं राहायला सुरू केलं होतं, तेच आता झोप यावी म्हणून लागत होतं. जेवण कमी झालं, वजन उतरलं.

एकदा पाकीट संपलं आणि शनिवार-रविवार तसाच गेला. शनिवारी संध्याकाळपासून नाक गळू लागलं, सारख्या जांभया, पाय आतून ओढल्यासारखे दुखू लागले. रात्रभर झोप नाही. रूममेटवर विनाकारण ओरडला. त्याला वाटलं, फ्लू झाला. सोमवारी सकाळी नवं पाकीट आणलं, एक डोस घेतला आणि तासाभरात "फ्लू" गायब. तेव्हा तो घाबरला.

पालकहो, ही खूण लक्षात ठेवा. सर्दी-तापासारखं दुखणं वस्तू थांबवल्यावर येतं आणि वस्तू घेतल्यावर जातं, तर तो आजार नाही. शरीर त्या वस्तूवर अवलंबून राहू लागलं आहे. हे नवं नाही. 1975 मध्ये थायलंडमधल्या जुन्या क्रॅटम खाणाऱ्यांच्या अभ्यासातही हेच नोंदवलं होतं. पान थांबवलं की चिडचिड, नाक गळणं, स्नायू दुखणं, हातपाय झटकले जाणं. वर्षानुवर्षं खाणाऱ्यांची भूक आणि वजन कमी झालेलं होतं, गालांची त्वचा काळवंडलेली होती. 2014 साली मलेशियात नियमित काढा पिणाऱ्या 293 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचं अवलंबन तीव्र स्वरूपाचं होतं.

आणखी एक. नेहमीच्या अफूवर्गीय चाचणीत क्रॅटम दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. म्हणून "टेस्ट निगेटिव्ह आली" एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

जिवाला धोका आहे का?

नुसत्या पानाने मृत्यू होणं विरळ आहे. धोका वाढतो तो मिसळण्याने. अमेरिकेत जुलै 2016 ते डिसेंबर 2017 या काळातल्या सुमारे 27 हजार अतिसेवन-मृत्यूंची तपासणी झाली. त्यांत 152 जणांच्या शरीरात क्रॅटम सापडलं. 91 प्रकरणांत मृत्यूच्या कारणांत त्याचं नाव होतं, पण त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात फेंटानिलसारखे दुसरे पदार्थही होते. स्वीडनमध्ये 'क्रिप्टॉन' नावाने क्रॅटम पावडर विकली जात होती. तिच्यात ट्रॅमाडॉल या वेदनाशामकापासून शरीरात तयार होणारं द्रव्य मिसळलेलं निघालं, आणि नऊ मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला. 2018 मध्ये अमेरिकेत क्रॅटममधून साल्मोनेला जंतूंची लागण 199 जणांना झाली. म्हणजे पाकिटावर लिहिलंय तेच आत आहे, याची खात्री नसते.

कायदा काय म्हणतो?

थायलंडने स्वतःच्याच झाडावर 1943 मध्ये बंदी घातली. त्या काळी तिथलं सरकार अफूवर कर घेत असे. अफू महाग पडू लागली तसे लोक स्वस्त क्रॅटमकडे वळले आणि महसूल बुडू लागला. बंदीमागे आरोग्यापेक्षा हेच कारण होतं असं अभ्यासक सांगतात. पुढे 1979 च्या कायद्यातही ते अमली पदार्थच राहिलं. लोक मात्र चघळतच होते, आणि पकडले जात होते. अखेर ऑगस्ट 2021 मध्ये ते अमली पदार्थांच्या यादीतून काढलं.

पण मोकळीक दिली आणि थांबले, असं झालं नाही. दक्षिणेकडे तरुण पोरं क्रॅटमचा काढा, कोला आणि खोकल्याचं औषध एकत्र करून बर्फ घालून पीत होती. '4 × 100' हे त्या मिश्रणाचं नाव. म्हणून 2022 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्यांना, गरोदर आणि स्तनदा मातांना विक्री बंद केली, आणि शाळा-वसतिगृहांतही विक्रीला मनाई केली. मोठ्या माणसाचं पान वेगळं आणि मुलांच्या हातातलं मिश्रण वेगळं, हा फरक त्या कायद्याने केला.

त्याच थायलंडची सीमा ओलांडून मलेशियात गेलं की मित्रागायनिन विषद्रव्यांच्या कायद्याखाली येतं. तिथे दंड आणि तुरुंगवास दोन्ही होऊ शकतात. ऑस्ट्रेलियाने 2005 पासून बंदी घातली आहे. अमेरिकेत 2016 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय यंत्रणेने बंदी जाहीर केली आणि लोकांचा विरोध पाहून ऑक्टोबरमध्ये मागे घेतली. तेव्हापासून राज्याराज्यांत वेगळं चित्र आहे. टेक्सार्काना नावाचं गाव टेक्सास आणि आर्कान्सा यांच्या सीमेवर आहे. एका रस्त्याच्या अलीकडे टेक्सास, पलीकडे आर्कान्सा. टेक्सासने 2023 मध्ये लेबल आणि वयाची अट घालून विक्री चालू ठेवली. आर्कान्सात 2016 पासून जवळ बाळगणंही गुन्हा. रस्ता ओलांडला म्हणून पाकिटातली पावडर बदलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2021 मध्ये पुरावे तपासले. आंतरराष्ट्रीय बंदीकडे जाण्याइतका पुरावा नाही, पण लक्ष ठेवा, असं त्यांनी सांगितलं. 'लक्ष ठेवा' म्हणजे 'निर्धोक आहे' असं नव्हे.

मग त्या आईला मी काय सांगितलं?

"ताई, दुकानात मिळतं याचा अर्थ एवढाच की त्या राज्यात ते विकायला बंदी नाही. त्याला ओरडू नका, नाहीतर तो लपवेल. रोज किती घेतो, पावडर की गोळी, आणि सोबत झोपेची किंवा खोकल्याची औषधं घेतो का, हे तीन प्रश्न विचारा. एकदम बंद करायला लावू नका, डॉक्टरांकडे जायला सांगा."

मुलगा विद्यापीठाच्या दवाखान्यात गेला. पाकीट सोबत नेलं, कारण डॉक्टरांना लेबल पाहायचं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या चमच्याऐवजी छोटा वजनकाटा वापरायला सांगितला आणि दर काही दिवसांनी थोडं थोडं कमी करत नेलं. सात-आठ आठवडे लागले. पायांची ओढ आणि झोपेचा त्रास शेवटपर्यंत राहिला, असं तो म्हणाला.

परवा आईचा पुन्हा फोन आला. मुलगा जेवायला लागलाय. आता रात्री अभ्यासाला तो साधी कॉफी पितो, आणि तीही दोनच कप, असं त्याने आईला आपणहून सांगितलं.